फारसं न वापरलेलं जॅकेट आणि चिकटलेली पर्स: एका कपाटातल्या कृत्रिम चामड्याचा तपास

मुंबईच्या उपनगरातलं घर, बाहेरच्या भिंतीला टेकवलेलं लाकडी कपाट. त्यात तीन वस्तू चार पावसाळे ठेवलेल्या होत्या. पहिली काळं जॅकेट. आतल्या लेबलवर बाहेरचा थर पॉलियुरेथेन आणि पाठीचं कापड पॉलिस्टर असं छापलेलं. थंड प्रदेशातल्या एका सहलीत ते वापरलं गेलं, मग ड्रायक्लीन होऊन आलं आणि लाँड्रीच्या पॉलिथिन कव्हरसकट हँगरला लटकलं. दुसरी तपकिरी पर्स, दुकानदाराच्या भाषेत 'रेक्झिनची'. ती अर्धी दुमडून खालच्या खणात, डांबरगोळ्यांच्या शेजारी होती. तिसरा खऱ्या चामड्याचा पट्टा.

बाहेर काढल्यावर जॅकेटचं कव्हर खांद्याला चिकटलेलं होतं. ते ओढलं तसा काळा पापुद्रा कव्हरबरोबर निघून आला. कॉलरच्या घडीवर पोपडे सुटले होते आणि खालचं करडं कापड दिसत होतं. कोपरापाशी बाही जराशी ताणली की बारीक भेगांचं जाळं उमटायचं. पाठीचा सपाट भाग मात्र वरवर नव्यासारखा. पर्सचं दुखणं निराळं होतं. तिचे पोपडे निघत नव्हते. ती ताठ झाली होती, पट्ट्याच्या मुळाशी खोल तडे गेले होते आणि पृष्ठभाग इतका चिकट की कपाटातली धूळ त्यावर बसून राहिली होती. चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी बुरशी आली होती. ती कोरड्या फडक्याने पुसली आणि पट्टा पुन्हा वापरात आला.

घरच्यांचा प्रश्न साहजिक होता: जॅकेट फारसं वापरलंच नाही, तर ते झिजलं कसं? उत्तर असं की ते झिजलेलंच नाही. त्याच्या थराचं रसायनच तुटलं आहे, आणि त्यासाठी वापराची गरज नसते. पाण्याची वाफ, ऊब आणि वेळ एवढं पुरतं.

थर कसा बसवलेला असतो

असं जॅकेट म्हणजे कापड आणि त्यावर चिकटवलेली प्लास्टिकची पातळ कातडी. कारखान्यात हे काम उलट्या क्रमाने होतं. चामड्याचे कण आणि सुरकुत्या उमटवलेल्या खास कागदावर आधी पॉलियुरेथेनचं पातळ द्रावण पसरून वाळवतात. ही होते वरची कातडी, बहुधा २० ते ५० मायक्रॉन जाडीची, म्हणजे साधारण केसापेक्षाही पातळ. तिच्यावर चिकट थर देतात, त्यावर कापड दाबतात आणि शेवटी कागद सोलून काढतात. जरा बऱ्या मालात कापड आणि कातडी यांच्यामध्ये पॉलियुरेथेनचा सच्छिद्र, फेसाळ थर असतो. त्यामुळे हाताला भरीवपणा लागतो.

खऱ्या चामड्यात तंतू एकमेकांत गुंतलेले असतात, म्हणून पृष्ठभाग खरवडला तरी खाली चामडंच मिळतं. इथे खाली लगेच कापड. कातडी कमजोर झाली की तिला धरून ठेवायला चिकट थराखेरीज काही नाही, आणि तो थरही बहुतेक वेळा त्याच जातीच्या रसायनाचा असतो. म्हणून एकदा पोपडे सुटू लागले की ते कडेने पसरत जातात.

पाणी नेमकं काय तोडतं

पॉलियुरेथेनच्या रेणूची लांब साखळी दोन प्रकारच्या तुकड्यांची बनते. आयसोसायनेटपासून तयार झालेले कडक तुकडे ताकद देतात आणि पॉलिऑलचे लांब, मऊ तुकडे लवचीकपणा देतात. सगळा फरक या मऊ तुकड्यांच्या जातीत आहे. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या मालात ते बहुधा पॉलिएस्टर जातीचे असतात. त्याने कातडी मजबूत होते, घासणीला टिकते आणि कापडाला चांगली धरते. दुकानात ती उत्तम वाटते, कारण नवी असताना ती खरोखरच उत्तम असते.

पण पॉलिएस्टर तुकड्यांत जागोजागी एस्टर बंध असतात आणि पाण्याचा रेणू हा बंध तोडतो. तुटलेल्या एका टोकाला आम्ल तयार होतं, दुसऱ्या टोकाला अल्कोहोल. खरी मेख त्या आम्लात आहे, कारण आम्लामुळे पुढचे बंध आणखी वेगाने तुटतात. सुरुवातीला बदल इतका हळू होतो की काहीच दिसत नाही. पुरेसं आम्ल साठलं की पुढची घसरण झपाट्याने होते. म्हणूनच 'गेल्या वर्षी तर चांगलं होतं' ही तक्रार खोटी नसते. गेल्या वर्षी ते चांगलं दिसत होतं, आतल्या साखळ्या मात्र आखूड होत चालल्या होत्या.

साखळ्या थोड्या आखूड झाल्या की कातडीची ताणण्याची क्षमता जाते. वाकवलं की ती चिरते. आणखी आखूड झाल्या की ती मऊ आणि चिकट होते. जॅकेटचं कव्हर खांद्याला चिकटलं ते यामुळेच. काही वेळा अशा पृष्ठभागावर पांढरी भुकटी दिसते. ती बुरशी असेलच असं नाही. अॅडिपिक आम्लापासून बनवलेल्या पॉलिएस्टरचं विघटन झालं की त्या आम्लाचे स्फटिक वर येऊ शकतात. बुरशी सहसा गोल ठिपक्यांत, मऊ लवेसारखी वाढते आणि तिला कुबट वास असतो. स्फटिक कोरडे आणि बारीक चुऱ्यासारखे लागतात. आणखी एक गोष्ट: पॉलिएस्टर जातीचं पॉलियुरेथेन काही बुरश्यांचं खाद्यही आहे, त्यामुळे दोन्ही एकाच ठिकाणी सापडू शकतात.

तापमानाचा हिशोब ढोबळ आहे. दर १० अंशांनी रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट धरतात. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत पडलेली बॅग कपाटातल्या बॅगेच्या कितीतरी आधी का जाते, ते यावरून कळेल.

कॉलर आधी, पाठ नंतर

दमट हवा सगळ्या जॅकेटला सारखीच लागली. तरी कॉलर आणि कोपर आधी गेले, पाठ राहिली. याचं पहिलं कारण घडी. कॉलर दुमडलेली असते आणि घडीच्या बाहेरच्या बाजूला कातडी सतत ताणलेली राहते. जॅकेट कपाटात लटकत होतं तेव्हाही हा ताण चालूच होता. कोपराला सहलीत हजारो वेळा वाकून सूक्ष्म भेगा पडलेल्या असणार.

दुसरं कारण मान आणि केस. त्वचेच्या तेलात ओलिक आम्लासारखी मुक्त स्निग्धाम्लं असतात. ती पॉलियुरेथेनमध्ये मुरतात, त्याला फुगवतात आणि मऊ करतात. गाड्यांच्या सीटसाठी बनणारं कृत्रिम चामडं तपासताना ओलिक आम्ल मुद्दाम लावून बघतात ते याचसाठी. त्यात घामाचं पाणी, केसाचं तेल, सनस्क्रीन आणि कॉलरवर मारलेला परफ्यूम यांची भर पडते. ड्रायक्लीनिंगने वरचं तेल निघतं, पण थरात मुरलेलं सगळं निघेलच असं नाही. पर्सच्या हँडलवर हीच कथा हाताच्या घामाने आणि सॅनिटायझरने घडते. सॅनिटायझरमधलं अल्कोहोल कातडीला फुगवतं आणि ती ओलसर-मऊ असताना बोटांची घासण तिला ओरबाडते.

ड्रायक्लीनिंगवर आळ येतो, पण

अशा प्रकरणांत लाँड्रीवर लगेच बोट दाखवलं जातं. तो संशय निराधार नाही. पर्क्लोरोइथिलीनसारखा द्रावक चिकट थराला फुगवू शकतो. पण त्याची खूण वेगळी असते. नुकसान कपडा घरी येताच किंवा काही दिवसांतच दिसतं. कातडी कापडापासून मोठ्या फुग्यांनी सुटते, आणि घडी असो वा सपाट भाग, ती कुठेही सुटते. शिवाय सुटलेल्या कातडीचा तुकडा हातात घेतला तर तो अजून लवचीक असतो.

इथे तसं नव्हतं. परत आलं तेव्हा जॅकेट ठीक होतं आणि सुटलेला पापुद्रा बोटांत चुरगळताच भुगा होत होता. म्हणजे नुसता चिकट थर सुटला नव्हता, कातडीच मेली होती. लाँड्रीचा भाग असलाच तर तो कव्हरचा. इस्त्रीच्या वाफेची ओल घेऊन जॅकेट पॉलिथिनमध्ये गेलं. खालून उघडं असलेलं ते कव्हर पावसाळ्यातली हवा आत येऊ देतं, पण आतली ओल सुकायला वाव देत नाही. लाँड्रीचं कव्हर घरी आल्या आल्या काढायला हवं. ते फक्त दुकान ते घर या प्रवासापुरतं असतं.

पर्स वेगळी का निघाली

पर्सच्या बाबतीत पहिला प्रश्न: ती कशाची आहे? 'रेक्झिन' म्हणून जे मिळतं ते बहुधा पीव्हीसीचा थर असलेलं कापड असतं. घरी याची तपासणी करता येते. वायरमधली तांब्याची तार सोलून चिमट्यात धरा आणि गॅसच्या ज्योतीत लाल होऊ द्या. ज्योत हिरवी दिसेनाशी झाली की तार स्वच्छ झाली. गरम तार आतल्या शिवणीजवळून कापलेल्या, टाचणीच्या डोक्याएवढ्या तुकड्याला टेकवा आणि पुन्हा ज्योतीत धरा. ठळक हिरवी ज्योत आली तर क्लोरीन आहे, म्हणजे पीव्हीसी. धूर विषारी असतो, म्हणून खिडकी उघडी ठेवा, तुकडा इवलासाच घ्या आणि नाक लांब ठेवा. एक गफलत मात्र शक्य आहे. बाजारात खाली पीव्हीसी आणि वर पॉलियुरेथेनची पातळ कातडी असा मिश्र मालही असतो, आणि तोही हिरवी ज्योत देतो.

पर्सच्या तुकड्याने हिरवी ज्योत दिली. पीव्हीसी मुळात कडक असतं. पाण्याच्या नळासाठी वापरतात तेच. पर्सला लागणारा मऊपणा त्यात मिसळलेल्या तेलकट प्लास्टिसायझरमुळे येतो, आणि मऊ पीव्हीसीत त्याचं प्रमाण वजनाने एक तृतीयांशाच्या आसपासही असू शकतं. हा पदार्थ साखळीला जोडलेला नसतो, नुसता मिसळलेला असतो. त्यामुळे तो हळूहळू पृष्ठभागाकडे सरकतो. काही उडून जातो, काही शेजारच्या वस्तूत शिरतो, काही वरच साठून राहतो.

पर्स चिकट आणि ताठ, दोन्ही एकाच वेळी कशी, हे कोडं यातून सुटतं. चिकटपणा म्हणजे बाहेर आलेला प्लास्टिसायझर, आणि ताठपणा म्हणजे आत उरलेलं, तेल गमावलेलं पीव्हीसी. ते पट्ट्याच्या मुळाशी आणि घडीवर वाकवलं की आरपार तडकतं. थर जाड असल्यामुळे त्याचे पापुद्रे न निघता भेगा पडतात. डांबरगोळ्यांचाही यात हात असू शकतो. नॅफ्थलीनची वाफ काही प्लास्टिकमध्ये मुरून त्यांना मऊ आणि चिकट करते. साड्या-लोकरीसाठी ठेवलेल्या गोळ्या पर्सच्या खणात टाकू नयेत.

पाण्याने एस्टर बंध तुटण्याचा प्रश्न पीव्हीसीच्या साखळीला नाही, कारण तिच्यात ते बंधच नाहीत. म्हणून मुंबईच्या हवेत निव्वळ टिकाऊपणा बघितला तर स्वस्त पॉलियुरेथेनपेक्षा जाड पीव्हीसीची पर्स बरेचदा जास्त वर्षं काढते. हाताला ती तेवढी छान लागत नाही, इतकंच.

जॅकेटचं काय करायचं

तुटलेली साखळी परत जोडता येत नाही. बाजारातली चामड्याची क्रीम आणि तेलं चामड्याच्या तंतूंत मुरण्यासाठी असतात. कृत्रिम कातडीवर ती एक तर वरच राहतात किंवा तेलाचं ओझं वाढवतात. खोबरेल लावून चकाकी आणणं हा सगळ्यात वाईट उपाय.

डागडुजी करावी की नाही हे चिकटपट्टीने ठरवता येतं. सुटलेल्या जागेपासून पाच सेंटिमीटर दूर, वरून चांगल्या दिसणाऱ्या भागावर पारदर्शक चिकटपट्टी घट्ट दाबा आणि झटक्यात ओढा. पट्टीवर काळे कण आले नाहीत तर आजूबाजूची कातडी अजून धरून आहे. मग सैल पापुद्रे काढा, कडा ४०० किंवा ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या घासा आणि साबणाच्या किंचित ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्या. त्यावर लवचीक पॉलियुरेथेन फिलरचे पातळ थर द्या, प्रत्येक थर सुकल्यावरच पुढचा. शेवटी चामड्यासाठी मिळणारा पाण्यातला लवचीक रंग. एकच जाड थर दिला तर तो पहिल्या वाकण्यातच तडकतो.

या जॅकेटची पट्टी कॉलरपासून हातभर दूरही काळी होऊन आली, पाठीच्या 'नव्या' भागावरसुद्धा. इथे भरलेला फिलर मेलेल्या कातडीलाच चिकटेल आणि तिच्यासकट निघेल. पैसे खर्च करण्यात अर्थ नाही. अस्तर, चेन आणि बटणं काढून घ्यावीत, बाकी सोडून द्यावं.

कोरडं ठेवायचं म्हणजे किती

पुढच्या जॅकेटसाठी लोक कपाटात सिलिका जेलची छोटी पुडी टाकतात. तिचा हिशोब करून बघू. ३० अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅम वाफ मावते. पावसाळ्यात ८५ टक्के दमटपणा असेल तर त्या हवेत सुमारे २५ ग्रॅम पाणी आहे. ते ५० टक्क्यांवर आणायचं तर १० ग्रॅमच्या आसपास पाणी काढावं लागेल. पाच ग्रॅमची पुडी जेमतेम एक-दीड ग्रॅम शोषते. हे झालं फक्त हवेपुरतं. कपाटातल्या दहा किलो सुती कपड्यांत सादळून साठलेली जास्तीची ओल काही शे ग्रॅम असते, आणि दाराच्या फटीतून रोज नवी हवा येतेच. उघड्या कपाटात पुडी म्हणजे मनाचं समाधान.

जेलचा उपयोग बंद डब्यातच होतो. सप्टेंबर सरल्यावर किंवा एअरकंडिशनच्या खोलीत जॅकेट एक-दोन दिवस नीट सुकू द्या. घडी न पाडता, आत सुती कापडाचे बोळे भरून, घट्ट झाकणाच्या मोठ्या डब्यात ठेवा. सोबत रंग बदलणारं जेल २०० ते ३०० ग्रॅम सुती पिशवीत घाला. जेलचा रंग बदलला की ते ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोनेक तास तापवलं की पुन्हा कामाला येतं. एवढा खटाटोप नको असेल तर जॅकेट रुंद हँगरवर, सुती कव्हरमध्ये, आतल्या भिंतीच्या कपाटात लटकवा. पावसाळ्यात त्या खोलीत ओल शोषणारं यंत्र चालू ठेवता आलं तर उत्तम. यातून क्रिया थांबत नाही, वेग कमी होतो.

ठेवण्याआधी पुसायचं तर अर्धा लिटर पाण्यात सौम्य द्रव साबण अर्धा चमचा, फडकं पिळून घट्ट, मग साध्या पाण्याचं फडकं आणि सावलीत वाळवणं. सोड्यासारखे क्षार टाळा, कारण एस्टर बंध क्षारानेही तुटतात.

पीव्हीसीच्या पर्सचं गणित यापेक्षा वेगळं. तिला ओलीपेक्षा उष्णता आणि दुसऱ्या प्लास्टिकचा स्पर्श जास्त बाधतो. प्लास्टिसायझर पॉलिथिनमध्ये शिरतो, म्हणून तीही पॉलिथिनच्या पिशवीत नको. थंड जागी, दुमडल्याशिवाय, दुसऱ्या पर्सला न टेकवता ठेवावी.

विकत घेताना काय विचारायचं

सगळं पॉलियुरेथेन असं चार-पाच वर्षांत जात नाही. मऊ तुकडे पॉलिइथर जातीचे असतील तर पाणी त्यांना फारसं तोडू शकत नाही, मात्र ते ऊन आणि ऑक्सिजनने लवकर खराब होतात आणि त्यांना त्यासाठी वेगळं संरक्षण लागतं. पॉलिकार्बोनेट जात दोन्ही बाबतींत सरस, पण महाग. ती गाड्यांच्या आणि हॉटेलांच्या फर्निचरच्या मालात सापडते. पॉलिएस्टर वापरूनही उत्पादक कार्बोडायइमाइड नावाचा पदार्थ घालू शकतो. तो तयार होणारं आम्ल गिळतो आणि घसरण बरीच पुढे ढकलतो.

यातलं काहीही नजरेने किंवा स्पर्शाने कळत नाही, आणि 'व्हेगन लेदर' या लेबलवरून तर मुळीच नाही. 'बॉन्डेड लेदर'लाही चामडं समजू नये. त्यात चामड्याचा चुरा असतो, वरची कातडी पॉलियुरेथेनचीच असते आणि ती तशीच सोलते. विचारण्यासारखा एकच आकडा आहे: दमट-उष्ण चाचणी किती आठवडे? व्यापारात तिला 'जंगल टेस्ट' म्हणतात. ७० अंश तापमान आणि ९५ टक्के दमटपणात नमुना ठेवून नंतर वाकवून आणि सोलून बघतात. आयएसओ १४१९ या मानकात कृत्रिम थर दिलेल्या कापडांच्या अशा वेगवान जीर्णतेच्या चाचण्या आहेत. चाचणीचा एक आठवडा म्हणजे वापराचं साधारण एक वर्ष, असा व्यापाऱ्यांचा ढोबळ हिशोब असतो. कोकणपट्टीच्या हवेत तो उदारच मानावा.

किरकोळ दुकानात हा आकडा कुणाला माहीत नसतो. पण घाऊक माल घेणाऱ्या पर्स-शिलाईवाल्याला तो गिरणीकडून लेखी मागता येतो, आणि मागावाच. आकडा मिळाला नाही तर कापडाचा तुकडा घेऊन स्वतः तपासता येतं. झाकणाच्या काचेच्या बरणीत तळाला थोडं पाणी घाला, तुकडा पाण्याला न टेकता वर टांगा आणि बरणी ७० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवा. दर आठवड्याला तुकडा बाहेर काढून पूर्ण थंड आणि कोरडा होऊ द्या, मग घडी घालून दाबा आणि चिकटपट्टी ओढा. दोन आठवड्यांत पट्टीवर रंग आला तर त्या रोलची जॅकेटं शिवू नयेत.